नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला: प्रतवारीच्या टेबलापासून कंटेनरच्या दारापर्यंत

निर्यातीच्या द्राक्षाची प्रतवारी करताना मी हातातला घड आज कसा दिसतो हे बघत नाही. तो महिनाभराने, थंड पेटीतून बाहेर काढल्यावर कसा दिसेल, हे बघतो. न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला पूर्वी वीस-पंचवीस दिवस लागायचे. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. एवढ्या काळात टेबलावर नजरेआड झालेला एक चिरलेला मणी आजूबाजूचे मणीही सोबत घेतो. म्हणून इथे फक्त थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाच्या एका कंटेनरचा रस्ता सांगतो. आंबा किंवा डाळिंबाचं गणित वेगळं असतं.

काम बागेत सुरू होतं, तेही तोडणीच्या आधी. युरोपला जाणाऱ्या बागेची नोंदणी झालेली असते. प्लॉटमधून नमुना घेऊन कीडनाशकांच्या अवशेषांची तपासणी होते आणि अहवाल पास झाल्याशिवाय तोडणी करायची नाही. अपेडा या कृषी निर्यातीच्या सरकारी संस्थेने 2006 मध्ये सुरू केलेल्या ग्रेपनेट या नोंदप्रणालीमुळे पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. हा कागदी सोपस्कार वाटत असेल तर 2010 चा हंगाम आठवा. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे अवशेष युरोपात सापडले आणि माल तिकडे अडकला. दिसायला ती द्राक्षं उत्तम होती. प्रतवारी करणाऱ्या डोळ्यांना अवशेष दिसत नाहीत, म्हणून पॅकहाऊसमध्ये दोन प्लॉटचा माल एका टेबलावर कधीच घ्यायचा नाही. एक प्लॉट संपला की टेबल रिकामं करायचं, शिल्लक घड उचलायचे, लेबल बदलायचं आणि मगच दुसरा सुरू करायचा. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि मग पेटीवरचा प्लॉट नंबर खोटा ठरतो.

तोडणी सकाळी, दव सुकल्यावर सुरू करून ऊन चढण्याआधी आटोपायची. ओला घड क्रेटमध्ये गेला की पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते. घड देठाला धरूनच तोडायचा, कारण मण्यावरचा ब्लूम, म्हणजे पांढुरका मेणाचा थर, बोटांनी पुसला जातो आणि तो परत येत नाही. क्रेटला आतून बबल शीट लावायची, घड एकाच थरात ठेवायचे, क्रेट सावलीत ठेवायचे आणि गाडी भरण्याची वाट न बघता पॅकहाऊसला पाठवायचे. गोडी बघताना एक फसवणूक टाळा. घडाच्या खांद्याकडचे मणी गोड असतात, शेंड्याचे कमी. फक्त वरचा मणी रिफ्रॅक्टोमीटर या गोडी मोजणाऱ्या उपकरणावर पिळला तर ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, जास्त दिसतो. घडाच्या वरचे, मधले आणि खालचे मणी एकत्र पिळून वाचन घ्या. बिनबियांच्या द्राक्षाला युरोपच्या मानकात किमान 14 ब्रिक्स चालतो, पण खरेदीदार साधारण 16 च्या पुढेच मागतात.

आता टेबल. इथे बायकांचे हात सगळ्यात महत्त्वाचे. बारीक टोकाच्या कात्रीने चिरलेला, डागाळलेला, लहान, गुलाबी पडलेला मणी देठासकट काढायचा. ओढून काढला तर देठाला ओला चट्टा राहतो आणि बुरशीला नेमकी तीच जागा हवी असते. गुलाबी मणी ही आपल्याकडची खास अडचण. थंड रात्री आणि उबदार दिवस आले की हिरव्या घडात गुलाबी छटा येते, म्हणून बागेत घडांना कागद लावतात. तरी काही मणी सुटतातच. आकार मण्याच्या व्यासावर ठरतो. 16 मिमीची आणि 18 मिमीची रिंग टेबलावर असते. सवय झालेल्या बाईला ती लागत नाही, पण दर तासाला दोन-चार घडांवर रिंग लावून बघायचीच, कारण संध्याकाळी थकलेली नजर उदार होते. पनेटमध्ये, म्हणजे दुकानात विकायच्या छोट्या डब्यात, बसवण्यासाठी घडाचे तुकडे करावे लागतात, आणि तिथेही मानक आहे: घडाचं किमान वजन 75 ग्रॅम. पोकळी भरायला टाकलेला चार मण्यांचा तुकडा या मोजमापात बसत नाही, आणि भरलेल्या पनेटमध्ये तो सहज लपतो.

युरोपच्या मानकात एक्स्ट्रा, पहिला आणि दुसरा असे वर्ग आहेत. वर्ग कसा ठरतो हे एका पेटीवर करून बघा. 5 किलोची पेटी उघडली, प्रत्येक घड तपासला आणि पहिल्या वर्गाच्या अटी न पाळणारे घड बाजूला काढून तोलले. ते 380 ग्रॅम भरले, म्हणजे 7.6 टक्के. एक्स्ट्रा वर्गाला 5 टक्क्यांची सूट आहे, त्यात ही पेटी बसत नाही. पहिल्या वर्गाला 10 टक्के, तिथे ती बसते. पण या दहा टक्क्यांच्या आत दुसरी, लहान मर्यादा आहे: दुसऱ्या वर्गातही न बसणारा किंवा सडका माल 1 टक्क्याहून जास्त नको. 5 किलोत 1 टक्का म्हणजे 50 ग्रॅम, मोठ्या थॉमसनचे दहा-बारा मणी. विद्यार्थी दहा टक्के लक्षात ठेवतात आणि हा एक टक्का विसरतात, पण प्रत्यक्षात माल अडतो तो बहुधा याच्यावर. शिवाय ही मोजणी तिकडे पोहोचलेल्या पेटीची होते. त्यामुळे आमच्या टेबलावरून निघताना सडलेला मणी शून्यच असला पाहिजे. सुपरमार्केटचा खरेदीदार तर कायद्याहूनही कडक असतो.

वजनाचंही तसंच. 500 ग्रॅमच्या पनेटमध्ये पोहोचल्यावर 500 भरले पाहिजेत, आणि वाटेत द्राक्षातलं पाणी उडतं. आम्ही पनेटमागे 520 ग्रॅम भरतो. दहा पनेटची पेटी धरली तर पेटीमागे 200 ग्रॅम जादा झाले. कंटेनरमध्ये अशा 2,400 पेट्या धरा, म्हणजे 480 किलो द्राक्षं बिलात येतच नाहीत. खर्चाच्या हिशेबात हा आकडा बहुतेक विद्यार्थी लिहीत नाहीत. तो कमी करायचा मार्ग पनेटमध्ये कमी भरणं हा नाही. पाणी उडणं कमी करा, म्हणजे माल लवकर थंड करा.

प्रीकूलिंगमध्ये सक्तीच्या हवेने घडाच्या गाभ्यातली उष्णता काढतात. हिशेब सोपा आहे. मणी 30 अंशावर आत आला, हवा 0 अंश, फरक 30. हा फरक दोन तासांत निम्मा होत असेल तर दोन तासांनी 15 अंश, चार तासांनी 7.5, सहा तासांनी 3.75. पुढचा प्रत्येक अंश उतरवायला जास्तच वेळ लागतो. म्हणून आम्ही 4 अंशाच्या खाली गेलं की माल शीतगृहात नेतो आणि उरलेलं तिथे उतरू देतो. तापमान खोलीच्या मापकावर बघायचं नाही. पॅलेटच्या मधल्या पेटीतल्या मण्यात थर्मामीटरची सुई खुपसून वाचायचं. बाहेरची पेटी 2 अंशावर आणि मधली 9 अंशावर, हे सहज घडतं, विशेषतः पेट्यांची भोकं एकमेकांसमोर आलेली नसली तर. निम्मा व्हायला दोन तासांऐवजी चार तास लागत असतील तर यंत्राला दोष देण्याआधी पेट्यांची रचना तपासा आणि हवा कुठून बाजूने निसटते आहे ते शोधा.

पॅकिंगचं मर्म आता येतं. पेटीत आधी प्लॅस्टिकचं लायनर, त्यात पनेट किंवा घडांच्या पिशव्या, वर टिपकागद, त्यावर सल्फर डायऑक्साईड सोडणारं पॅड. पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाईट असतं. आर्द्रता लागली की त्यातून वायू निघतो. दुहेरी पॅडमध्ये एक थर पहिल्या काही दिवसांत वायूचा भर देतो, दुसरा थर कित्येक आठवडे थोडाथोडा सोडत राहतो. हा वायू राखाडी बुरशीला, म्हणजे बॉट्रायटिसला रोखतो. ही बुरशी 0 अंशावरही हळूहळू वाढते, म्हणून नुसत्या थंडीवर भागत नाही.

यातला क्रम चुकला की सगळंच उलटतं. आम्ही पेटी उघड्या लायनरनेच थंड करतो, आणि माल थंड झाल्यावर, थंड खोलीतच, पॅड ठेवून लायनर मिटतो. गरम मालावर पॅड ठेवून लायनर बंद केलं, तर मण्यातून निघालेली वाफ थंड होताना लायनरवर जमते, थेंब पॅडवर पडतात आणि आठवड्यांचा वायू काही दिवसांतच संपतो. त्याचे परिणाम दोन्हीकडून दिसतात. सुरुवातीला मणी देठाच्या जागी पांढरे पडतात, आणि नंतर वायू संपलेला असल्यामुळे प्रवासाच्या शेवटी बुरशीला मोकळं रान मिळतं. थंड माल उबदार, दमट हवेत आणला तरी हेच होतं. म्हणून कंटेनर भरण्याची जागाही थंड हवी आणि दार कंटेनरला चिकटून हवं. बाहेर ऊन आहे आणि पॅलेट अर्धा तास फलाटावर उभं आहे, असं दृश्य दिसलं तर त्या पॅलेटची पेटी उघडून लायनरच्या आत हात फिरवा. ओल लागली तर ते पॅलेट पुढे पाठवायचं नाही.

कंटेनरबद्दल एकच लक्षात ठेवायचं: रिफर, म्हणजे शीत कंटेनर, माल थंड करत नाही, थंड ठेवतो. त्याची हवा फरशीच्या खाचांतून वर चढते, त्यामुळे पॅलेटांमध्ये मोठी फट राहिली तर ती सोपा रस्ता धरते आणि पेट्यांतून जातच नाही. भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर पेटी गेली तर वरून परतणारी हवा अडते. लाकडी पॅलेट कीड मारण्याची प्रक्रिया झाल्याचा, म्हणजे आयएसपीएम-15 चा शिक्का असलेलंच लागतं. शिक्का नसला तर द्राक्षं कितीही चांगली असोत, माल बंदरात थांबतो.

तिकडून तक्रारीचे फोटो येतात तेव्हा ते वाचता आले पाहिजेत. देठ तपकिरी आणि मणी ठीक असतील तर तोडणी आणि प्रीकूलिंगमध्ये वेळ गेला. पॅडच्या लगतच्या थरातच मणी पांढरे असतील तर पॅड ओलं झालं. एका जागी सडलेल्या मण्यांचा पुंजका असेल तर टेबलावर एक चिरलेला मणी सुटला आणि त्याने शेजाऱ्यांना लागण केली. सडलेले मणी सगळ्या पेट्यांत एकटेदुकटे विखुरलेले असतील तर दोष टेबलाचा नाही, लागण बागेतूनच आली आहे, बहुधा पावसाने. मणी गळून तळाशी पडले असतील तर पेटी जास्त दाबून भरली होती का, देठ सुकले होते का, हे बघायचं. फोटोसोबत पॅलेटमधल्या डेटा लॉगरचा आलेख नक्की मागून घ्या. आलेखात तापमान पहिल्या दिवसापासूनच 4-5 अंशांवर असेल तर माल इथूनच गरम निघाला होता. मध्येच एकदम चढलं असेल तर वीज कुठे तुटली ते तारखेवरून काढता येतं, आणि नुकसानभरपाईचा दावा कोणाकडे करायचा ते त्यावरून ठरतं.