अठरा की बावीस? मॅकबेथवरच्या एका निबंधाचे गुण

मी इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी साहित्य शिकवते. इथली मुलं सोळाव्या वर्षाच्या सुमारास जीसीएसई ही शालेय परीक्षा देतात. तिच्या मॉक म्हणजे सराव परीक्षेनंतर आमच्या विभागात मॉडरेशन होतं. म्हणजे एकाच निबंधाला दोघी-तिघी शिक्षक एकमेकींचे आकडे न बघता गुण देतात आणि मग आकडे समोर ठेवून बोलतात. त्या दिवशी एका निबंधाला मी तीसपैकी १८ दिले होते आणि माझ्या सहकारी मैत्रिणीने २२. चार गुणांचा फरक दिसायला लहान असला तरी मधून लेव्हलची रेघ जात होती, म्हणून विभागप्रमुखांनी तो निबंध बाजूला काढला.

एक्यूए या परीक्षा मंडळाच्या पहिल्या पेपरमध्ये शेक्सपियरवर एक प्रश्न असतो. नाटकातला एक उतारा छापलेला असतो आणि त्या क्षणापासून सुरुवात करून संपूर्ण नाटकाबद्दल लिहायचं असतं. पुस्तक जवळ नसतं. गुण ३०, शिवाय शुद्धलेखन, विरामचिन्हं आणि वाक्यरचनेचे ४ वेगळे. या तीस गुणांच्या सहा लेव्हल आहेत, प्रत्येकी पाच गुणांच्या. सोळा ते वीस ही चौथी, एकवीस ते पंचवीस ही पाचवी. लेव्हल पाच म्हणजे ग्रेड पाच नव्हे. ग्रेडच्या सीमा दर वर्षी परीक्षेनंतर ठरतात. पालकांशी बोलताना हा गोंधळ मला नेहमी आधी सोडवावा लागतो.

तीन गोष्टी तपासल्या जातात. एओ१ म्हणजे प्रश्नाला आणि कलाकृतीला दिलेला प्रतिसाद, त्याला दिलेले आधार. एओ२ म्हणजे लेखकाची भाषा, रूप, रचना आणि त्यांतून उभा राहणारा अर्थ. एओ३ म्हणजे कलाकृती आणि तिचा संदर्भ यांचं नातं. पहिल्या दोघांचं वजन सारखं, तिसऱ्याचं त्यांच्या निम्मं. पण परीक्षक बारा, बारा, सहा अशी बेरीज करत नाही. निबंध पूर्ण वाचायचा, खालच्या लेव्हलपासून वर चढत जायचं, जिथे एकंदर वर्णन सर्वांत जास्त जुळतं तिथे थांबायचं आणि मग त्या पाच गुणांत जागा ठरवायची.

प्रश्न होता 'मॅकबेथ'मधल्या अपराधभावाचा. उतारा दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशातला, मॅकबेथने राजा डंकनचा खून नुकताच केल्यानंतरचा. मुलीने चार पानं लिहिली होती आणि तिचा अभ्यास पानोपानी दिसत होता. पहिल्या परिच्छेदात तिने मॅकबेथचा तो प्रसिद्ध प्रश्न घेतला होता: समुद्रदेव नेपच्यूनचा सगळा महासागर तरी माझ्या हातावरचं हे रक्त धुऊन काढील का? त्यावर तिने लिहिलं होतं की इथे अतिशयोक्ती आहे, रूपक आहे, रक्ताचं शब्दक्षेत्र आहे आणि यावरून त्याला अपराधी वाटतं हे दिसतं. दुसरा परिच्छेद इतिहासाचा होता. जेम्स पहिला १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला, १६०५ मध्ये पार्लमेंट उडवण्याचा कट झाला, राजा ईश्वराने नेमलेला असतो अशी श्रद्धा होती, जेम्सला चेटकिणींमध्ये फार रस होता. तिसऱ्या परिच्छेदात मॅकबेथच्या बायकोचं, लेडी मॅकबेथचं, झोपेत चालणं. आणि त्यातच, जवळजवळ ओघात, एक वाक्य: जी बाई थोड्याशा पाण्याने सगळं धुतलं जाईल म्हणाली होती, तिचाच हात आता स्वच्छ होत नाही, आणि तोवर मॅकबेथला काही वाटेनासं झालं आहे.

"हे वाक्य बघ ना," मैत्रीण म्हणाली. "हा विचार चौथ्या लेव्हलचा नाही."

ते खरंच होतं. चौथ्या लेव्हलचा गाभा आहे स्पष्ट, समजावून सांगितलेला प्रतिसाद. पाचव्या लेव्हलला विचारपूर्वक, विकसित केलेला प्रतिसाद लागतो, आणि आधाराची अवतरणं अर्थाच्या मांडणीत मिसळलेली लागतात. त्या एका वाक्यात नाटकाची दोन टोकं जोडलेली होती आणि दोन पात्रं विरुद्ध दिशांना जाताना दिसत होती. पण 'विकसित' हेही त्या वर्णनातच आहे. वाक्य पूर्णविरामाशी संपलं आणि पुढच्या वाक्यात दुसरंच अवतरण सुरू झालं. निबंधाच्या उरलेल्या साडेतीन पानांना त्या विचाराचा पत्ता नव्हता.

मग आम्ही एकेक धागा वेगळा धरला. एओ१ चौथ्या लेव्हलमध्ये भक्कम, पाचवीला हात लावणारा. एओ२ मात्र ठिकठिकाणी तिसऱ्या लेव्हलवर येत होता. तिथलं वर्णन आहे लेखनतंत्रावर समर्पक टिप्पणी आणि परिणामाची ओळख. म्हणजे परिणाम आहे एवढं सांगणं. तो कसा घडतो हे समजावलं की चौथी, तपासून पाहिलं की पाचवी. "यावरून त्याला अपराधी वाटतं हे दिसतं" हे वाक्य नाटकातल्या पन्नास ओळींखाली लिहिता येईल. माझ्या मते अशी ओळ हीच गुण थांबल्याची सर्वांत खात्रीची खूण असते: ती दुसऱ्या अवतरणाखाली हलवली तरी काही बिघडत नाही. तीन संज्ञा ओळीने आल्या म्हणून जास्त मिळत नाही, कारण संज्ञेने विवेचनाला मदत केली का, एवढंच वर्णनात विचारलेलं आहे.

इतिहासाच्या परिच्छेदाला आम्ही दोघींनी स्वतंत्रपणे जवळजवळ काहीच दिलं नव्हतं. त्यातली माहिती बरोबर होती. पण एओ३ची चौथी लेव्हल संदर्भ, कलाकृती आणि प्रश्न या तिघांमधले नेमके दुवे मागते. त्या आठ ओळींत अपराधभाव हा विषय एकदाही आला नव्हता. परीक्षेत या निबंधाला साधारण पन्नास मिनिटं मिळतात. त्यातली आठ-दहा मिनिटं तिथे गेली, याचं मला वाईट वाटलं.

शेवटी १८ कायम झाले. मैत्रिणीलाही ते पटलं, कारण वर्णन एकंदरीत सर्वांत जास्त जुळावं लागतं आणि एका चमकदार वाक्यावर लेव्हल उभी राहत नाही.

दुपारी ती मुलगी आली. "मिस, मी अजून काय लिहायला हवं होतं?" असं तिने विचारलं, आणि मी सांगितलं की नवीन काहीच नको. तेच ज्ञान ठेव, एकही नवी तारीख आणू नकोस, पण छापलेला उतारा पुन्हा वाच आणि परिच्छेद परत लिही.

आधी आम्ही महासागराच्या ओळीपाशी थांबलो. प्रश्नानंतर मॅकबेथ काय म्हणतो? हात धुतला जाणार नाही, उलट हा हातच असंख्य समुद्रांना लाल करील. म्हणजे दिशाच उलटली. पाणी हाताकडे येण्याऐवजी डाग पाण्याकडे पसरतो. तिने मूळ इंग्रजी ओळी मोठ्याने वाचल्या तेव्हा तिला स्वतःलाच ऐकू आलं की आधी लांबलचक, जड शब्द येतात आणि मग तीन छोटे शब्द एकामागून एक पडतात: हिरवा, एक, लाल. तिने लिहिलं की कृत्य त्याच्या कल्पनेत आवाक्याबाहेर फुगतं आणि शेवटच्या साध्या शब्दांत ते पुन्हा डोळ्यांसमोर उघडं येऊन ठाकतं. आता अतिशयोक्ती ही संज्ञा त्या वाक्यात सहज बसली, कारण तिला करायला काम होतं.

मग मी विचारलं, या ओळींनंतर लगेच रंगमंचावर कोण येतं? लेडी मॅकबेथ येते आणि काही ओळींतच म्हणते की थोडं पाणी आपल्याला या कृत्यातून मोकळं करील. महासागर अपुरा आणि थोडं पाणी पुरेसं, ही दोन मापं शेक्सपियरने शेजारी ठेवली आहेत. ही रचना आहे, आणि रचना एओ२मध्येच मोडते. बहुतेक मुलं भाषेपाशी थांबतात. पाचव्या अंकात तीच बाई झोपेत म्हणते की अरबस्तानातली सगळी अत्तरंसुद्धा हा छोटासा हात सुगंधित करणार नाहीत. आता तिचंही माप महासागराएवढं झालं. शिवाय तो प्रवेश गद्यात आहे. ज्या पद्याच्या लयीवर तिने नवऱ्याला खुनाला तयार केलं, ती लय तिच्या तोंडून गेली आहे. हे रूपाबद्दलचं निरीक्षण. तिचं ते एक वाक्य आता एका पूर्ण परिच्छेदाचा कणा झालं होतं.

इतिहासाचं काय करायचं, हे तिनेच शोधलं. उताऱ्याच्या सुरुवातीला मॅकबेथ अस्वस्थ होऊन विचारतो की मला 'आमेन' का म्हणता आलं नाही. तिने तिथे बोट ठेवलं आणि म्हणाली, "राजा देवाने नेमलेला असेल, तर हा नुसता खून नाही. त्याला आशीर्वाद हवा आहे आणि तो मागायची वाट त्यानेच बंद केली आहे." हा एओ३. जेम्स आणि १६०५ गळून पडले, एक श्रद्धा उरली, आणि ती पात्राच्या घशात अडकलेल्या शब्दाशी जोडली गेली. पुढच्याच प्रवेशात सरदार मॅकडफ राजाच्या देहाला देवाचं फोडलेलं मंदिर म्हणतो, तो आधार मी सुचवला. तो तिला पाठ होता, फक्त कुठे वापरायचा हे ठाऊक नव्हतं.

नवा निबंध जुन्यापेक्षा अर्ध्या पानाने लहान झाला. मी तो मैत्रिणीकडे माझा आकडा न सांगता दिला. तिने २२ दिले, मीही २२. घाई नसताना, शिक्षिका शेजारी बसलेली असताना लिहिलेला निबंध परीक्षेतल्या निबंधाशी सरळ तोलता येत नाही. हे मी त्या मुलीला सांगितलं आणि मॉकच्या नोंदीत १८च ठेवले.

तिने लगेच सहाव्या लेव्हलबद्दल विचारलं. तिथे चिकित्सक आणि एका संकल्पनेभोवती बांधलेला प्रतिसाद अपेक्षित असतो, म्हणजे पहिल्या ओळीपासून एक मत असावं लागतं आणि प्रत्येक परिच्छेदाने ते पुढे न्यावं लागतं. तिचं मत होतं, पण ते समारोपात आलं होतं: अपराधभाव नवऱ्याकडून बायकोकडे सरकतो, आणि तिसऱ्या अंकात रक्तात इतका आत आलो आहे की परतणंही तितकंच कष्टाचं, असं म्हणणारा मॅकबेथ त्या ओझ्यातून सुटत नाही, बधिर होतो. मी त्या दोन ओळींभोवती चौकट काढली आणि बाणाने पहिल्या पानाच्या माथ्यावर नेली. ती म्हणाली, "मग मधले परिच्छेद त्याच क्रमाने चालणार नाहीत." मी म्हटलं, नाहीच चालणार, आणि ती नवा कागद घेऊन बसली.