तुम्ही विचारलंत म्हणून: कमेंटमधली ओळख आणि कामाचा पहिला मेसेज

«फ्रीलान्स डिझायनर आहे. चाकणच्या एका कंपनीच्या लिंक्डइन पोस्टवर महिनाभर कमेंट करतेय, तिथल्या मार्केटिंगच्या मॅडम उत्तरंही देतात. आता कामासाठी पहिला मेसेज कसा टाकू?»

मॅडम उत्तर देतात म्हणजे काय देतात, ते आधी नीट पाहा. ‘धन्यवाद’ आणि जोडलेले हात सगळ्यांनाच मिळतात, त्यावर मेसेज उभा राहत नाही. त्यांनी आपणहून काही सांगितलं असेल, म्हणजे ‘हे आमच्याच टीमने केलंय’ किंवा ‘डीलरही तेच म्हणतात’ असं काही, तर त्या एका ओळीत तुमचा मेसेज आहे. अजून तसं झालं नसेल तर थांबा आणि पुढच्या पोस्टवर कौतुकाऐवजी असा प्रश्न टाका, ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच माहीत असेल: ‘ही माहिती डीलरला छापून देता की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता?’

उत्तर कोणत्या नावाने येतंय तेही बघा. कंपनीच्या पेजवरून येत असेल तर ते पेज बाहेरची एजन्सी चालवत असू शकते आणि तुमचा मेसेज थेट स्पर्धकाच्या टेबलावर पडेल. मॅडमच्या स्वतःच्या नावाने येत असेल तरच पुढे जा.

आता एक उदाहरण धरू. कंपनी हायड्रॉलिक सिलिंडर बनवते. पोस्टमध्ये बोटाने सरकवायची बारा पानांची पीडीएफ आहे, पॉवरपॉइंटमध्ये केलेली, आडवी. पॉवरपॉइंटचं नेहमीचं आडवं पान 960 पॉइंट रुंद असतं. त्यावर मापांचा तक्ता 18 पॉइंटात आहे आणि ऑफिसच्या स्क्रीनवर तो छान दिसतो. तेच पान फोनच्या साधारण 360 पॉइंट रुंदीत मावलं की अक्षर पावणेसातावर येतं. फोनवर वाचायचा मजकूर 14 ते 16 चा लागतो. म्हणजे डीलर दर पानाला दोन बोटांनी ताणत बसणार. हे तुम्ही कमेंटमध्ये हळूच विचारलंत आणि मॅडमनी लिहिलं, ‘हो, डीलर मोबाइलवरच बघतात, मोठं करून वाचावं लागतं असं म्हणतात.’

एवढं हातात असताना बहुतेक जण लिहितात ते असं: ‘नमस्कार, मी पाच वर्षं ग्राफिक डिझाइन करते. लोगो, ब्रोशर, सोशल मीडिया, पॅकेजिंग, वेबसाइट अशी सगळी कामं घेते. माझा पोर्टफोलिओ सोबतच्या लिंकवर आहे. पंधरा मिनिटं कॉल करू या का?’ यात महिनाभराच्या कमेंटचा मागमूस नाही. हा मजकूर कुणालाही पाठवता आला असता आणि मॅडमना ते पहिल्याच ओळीत कळतं. अनोळखी लिंक ऑफिसच्या संगणकावर कुणी सहसा उघडत नाही. कॉलची वेळ द्यायची म्हणजे त्यांना कॅलेंडर उघडावं लागतं, म्हणून मेसेज ‘नंतर बघू’त जातो.

त्याऐवजी असं लिहा:

‘नमस्कार मॅडम. सिलिंडरच्या पीडीएफवर तुम्ही म्हणाला होतात की डीलरना ती मोबाइलवर मोठी करून वाचावी लागते. त्यातलं मापांच्या तक्त्याचं पान मी उभं मांडून पाहिलं. आकडे तेच आहेत, फक्त तक्त्याचे दोन भाग केलेत. मी पुण्यातच असते, इंजिनिअरिंग कंपन्यांचे कॅटलॉग करते. ते पान इथे पाठवू का?’

अडचण त्यांच्याच शब्दांत आली आहे, त्यामुळे टीका तुमची राहत नाही. हे महत्त्वाचं, कारण ती पीडीएफ त्यांनी स्वतः केलेली असू शकते किंवा त्यांच्या साहेबांनी मंजूर केलेली. ‘डिझाइन जुनाट वाटतं’ असं लिहिलंत की त्या साहेबांची बाजू घेणार, तुमची नाही. स्वतःची ओळख एका वाक्यात आणि तीही त्यांच्या धंद्याला लागू पडेल तेवढीच; इंजिनिअरिंगचं काम केलं नसेल तर तसं लिहू नका, नुसतं ‘कॅटलॉग करते’ पुरतं. शेवटच्या प्रश्नाला ‘पाठवा’ एवढंच उत्तर लागतं.

पान आधी खरंच करून ठेवा, पण एकच. दोन तासांपेक्षा जास्त वेळ घालू नका. 1080 बाय 1350 पिक्सेलचं उभं पान घ्या आणि मजकूर 42 पिक्सेलच्या खाली जाऊ देऊ नका. फोनवर तो 14 च्या आसपास बसतो. लोगोला हात लावायचा नाही, रंग त्यांचेच ठेवायचे. आकडे पुन्हा टाइप न करता मूळ पीडीएफमधून उचला आणि मग बोट ठेवून एकेक ताडून बघा. 2.5 चं 25 झालं तर ते पान बघणारा इंजिनिअर मांडणीपर्यंत पोचतच नाही. आणि हे पान स्वतःच्या प्रोफाइलवर ‘मी असं केलं असतं’ म्हणून मिरवू नका, काम तिथेच संपेल.

मॅडम तुमच्या कनेक्शनमध्ये नसतील तर आधी विनंती पाठवावी लागेल. फुकट खात्यावर तिच्यासोबतच्या नोटला 200 अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे हातात जेमतेम पंचवीस-तीस शब्द येतात. त्यात काम मागू नका. ‘सिलिंडरच्या पीडीएफवर आपलं बोलणं झालं होतं, म्हणून जोडून घेते आहे’ बस झालं. विनंती पडून राहिली म्हणून वैतागून मागे घेऊ नका. मागे घेतली की त्याच व्यक्तीला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. विनंती स्वीकारल्याच्या मिनिटाला मेसेज टाकला की सापळा वाटतो. दोन दिवस जाऊ द्या.

वारही पाहा. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. त्या दिवशीचा मेसेज शुक्रवारच्या ढिगाखाली जातो. मार्चअखेर आणि गणपतीचे दहा दिवस टाळलेलेच बरे.

‘पाठवा’ आलं की पान चित्र म्हणूनच पाठवा, लिंक नको. ते पुढे साहेबांकडे जाणार आहे आणि तिथे समजवायला तुम्ही नसाल, म्हणून खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव आणि फोन हवा. ‘चार्जेस किती?’ हा प्रश्न त्यानंतर येतो, त्याआधी आकडा काढू नका. आला की बारा पानांचा एकच आकडा द्या आणि त्यात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत हे तिथेच लिहा. मग पर्चेसवाले व्हेंडर नोंदणीसाठी पॅन, रद्द केलेला चेक आणि जीएसटी क्रमांक मागतील. जीएसटी नसेल तर तसं लेखी पत्र चालतं का, ते विचारून घ्या.

उत्तरच आलं नाही तर सात-आठ कामाचे दिवस थांबून एकदाच लिहा, आणि या वेळी विचारत न बसता पान सोबत जोडा: ‘मॅडम, ते पान जोडते आहे. उपयोगी पडलं तर वापरा, उत्तराची घाई नाही.’ तुमचे दोन तास तसेही गेलेले आहेत, ते पान तुमच्याकडे पडून काय करायचं? तिसरा मेसेज नाही. मात्र कमेंट एकदम बंद करू नका. आधी आठवड्याला एक करत असाल तर तेवढीच चालू ठेवा. पुढची पीडीएफ उभी आली तर मॅडमनी पान पाहिलं होतं असं धरा, आणि तिच्यावर नेहमीसारखी एक कमेंट टाका.