आकडा तोच, जिना मात्र वेगळा : कॉन्ट्रॅक्टरला पाठवलेल्या एका मेलबद्दल

कॉन्ट्रॅक्टरचा मेल आला २२ तारखेला, चारच ओळींचा. ‘जिन्याच्या ड्रॉइंगमध्ये घोळ आहे, ४ तारखेपासून काम बंद आहे, सबब १८ दिवस मुदतवाढ आणि बसलेल्या लेबरचे पैसे मिळावेत.’ आणि क्लायंट सीसीमध्ये. क्लायंटचा दहा मिनिटांत फोन, मॅडम हे काय चाललंय, तुमच्या ड्रॉइंगमुळे काम अडलंय का. त्यांना म्हटलं संध्याकाळपर्यंत थांबा, सगळं लेखी देते. तो उत्तराचा मेल लिहायला अख्खी दुपार गेली, त्याचंच सांगतेय कारण आपल्या फील्डमध्ये हा प्रसंग प्रत्येकावर कधी ना कधी येतोच.

आधी घोळ काय होता ते. दोन मजल्यांमधलं अंतर ३१५० एमएम, म्हणून १५० चे २१ रायझर. आमच्या सेक्शनमध्ये मधल्या लँडिंगची लेव्हल +१६५०, म्हणजे ११ रायझर वर. आरसीसी कन्सल्टंटच्या ड्रॉइंगमध्येही +१६५०. आकडा सेम, त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले तरी कुणाला काही खटकणार नाही. पण आमची लेव्हल फरशी झाल्यानंतरच्या फ्लोअरपासून धरलेली, फिनिश लेव्हल, तसं ड्रॉइंगवर लिहिलेलंही आहे, आणि त्यांनी तोच आकडा उचलून स्लॅबच्या टॉपपासून काँक्रीटचा म्हणून टाकला. फ्लोअरला बेडिंग धरून ५० एमएम फिनिश आहे आणि पायऱ्यांना, लँडिंगला ३०. सगळी गडबड या दोन आकड्यांमधल्या २० मध्ये आहे.

काँक्रीटमध्ये सगळे रायझर १५० चे केले तर काय होतं बघा. खाली फ्लोअर ५० ने वर येतो आणि पहिली पायरी फक्त ३० ने, म्हणजे पहिला रायझर उरतो १३०. वरच्या टोकाला उलटं, तिथे शेवटचा रायझर होतो १७०. मधले सगळे १५०. जिना चढताना पायाला दोन-तीन पायऱ्यांत उंचीची सवय होते, आपण खाली बघत नाही, आणि शेवटची पायरी २० ने उंच निघाली की चवडा अडकतो. इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये एका फ्लाइटमधल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या रायझरमध्ये जास्तीत जास्त साडेनऊ एमएम फरक चालतो, इथे प्रत्येक फ्लाइटमध्ये २० चा पडत होता. म्हणून काँक्रीटमध्ये पहिला रायझर १७० चा हवा, शेवटचा १३० चा, मधले १५० आणि लँडिंगचं काँक्रीट स्लॅबपासून १६७० वर. असा वाकडातिकडा दिसणारा जिनाच फरशी झाल्यावर सरळ होतो.

हे पकडलं कॉन्ट्रॅक्टरच्याच साइट इंजिनिअरने, ४ तारखेला. पोरगा हुशार आहे, लँडिंगची सेंट्रिंग लावताना त्याला शंका आली, त्याने विचारलं मॅडम १६५० फिनिश का काँक्रीट. मी मेलची सुरुवात मुद्दाम तिथूनच केली, की तुमच्या इंजिनिअरने वेळेवर विचारलं म्हणून हे काँक्रीट व्हायच्या आत सापडलं. ते खरंच होतं म्हणून लिहिलं, मस्का नव्हता.

मग तारखा. ५ तारखेला मी कन्सल्टंटकडे पाठवलं, ९ ला रिव्हाइज्ड ड्रॉइंग आलं, १० ला साइटवर दिलं, पोच म्हणून त्यांच्या स्टोअरची सही आहे. म्हणजे ४ ते १० जिना आमच्या बाजूमुळे थांबला, हे मी सरळ मान्य केलं, ‘कन्सल्टंटचं ड्रॉइंग’ म्हणून हात झटकले नाहीत, कारण कॉन्ट्रॅक्टरच्या दृष्टीने ड्रॉइंग देणारे आम्ही सगळे एकच बाजू.

पण जिना थांबला म्हणजे स्लॅब थांबला असं होत नाही, आणि खरा मुद्दा इथे आहे. वरच्या स्लॅबचं काँक्रीट १६ ला ठरलं होतं. जिन्याचं वरचं फ्लाइट त्याच्यासोबतच भरायचं होतं, पण बाकीच्या स्लॅबची सेंट्रिंग आणि सळई बांधणं जिन्याशिवाय चालू ठेवता येत होतं. मी त्यांचेच डेली रिपोर्ट काढून बसले. ७ तारखेपर्यंत सुतार १२, आणि ८ पासून ४. ते ४ च तब्बल २० तारखेपर्यंत. बाकीचे दुसऱ्या साइटवर गेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं पण मेलमध्ये मी ते लिहिलं नाही, फक्त रिपोर्टमधला आकडा लिहिला, कारण ते कुठे गेले हा माझा तर्क झाला आणि आकडा त्यांच्या सहीचा आहे.

हिशोब असा मांडला. १० ला ड्रॉइंग मिळालं, लँडिंगची लावलेली सेंट्रिंग २० एमएम उचलणं, पायऱ्यांच्या फळ्या बदलणं, सळई बांधणं, याला पूर्ण गँग असती तर ७ दिवस, म्हणजे १७, आणि चेकिंग करून काँक्रीट १८ ला. ठरलेली तारीख १६. म्हणजे आमच्यामुळे स्लॅब लांबला २ दिवस. त्यांच्या आताच्या प्रोग्रॅमप्रमाणे काँक्रीट होणार २७ ला, उरलेले ९ दिवस गँगच्या कमतरतेचे. मेलमधलं वाक्य जसंच्या तसं देते : ‘ड्रॉइंगमुळे २ दिवसांची मुदतवाढ आणि सेंट्रिंग उचलून पुन्हा लावायची मजुरी आम्ही मान्य करतो. १८ तारखेनंतरचा उशीर ड्रॉइंगशी जोडता येत नाही, सोबत तुमचे ८ ते २० चे डेली रिपोर्ट जोडले आहेत. रिपोर्टच्या बाहेरचं काही कारण असेल तर कृपया लेखी कळवा.’ हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, समोरच्याकडे खरंच काही असेल तर त्याला दार उघडं पाहिजे.

सोबत जिन्याचा एक साधा स्केच टाकला, प्रत्येक पायरीला दोन लेव्हल, काँक्रीटची वेगळी, फिनिशची वेगळी, दोन्ही स्लॅब टॉप शून्य धरून. मिस्त्रीला तोच लागतो.

रात्री कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला. चिडलेले होते, पण बोलले नीट. ‘मॅडम, २० एमएमसाठी एवढं कशाला, मी सगळ्या पायऱ्यांवर मसाला २० ने वाढवतो ना, पन्नासचं फिनिश करून टाकू.’ आयडिया चूक नव्हती, तसं केलं तर रायझर खरंच सारखे येतात. पण २० एमएम मसाला म्हणजे चौरस मीटरला साधारण ४० किलो जादा वजन, कायमचं, आणि ते प्रत्येक मजल्यावर, कन्सल्टंटच्या हिशोबात ते धरलेलंच नाही. काँक्रीट झालेलं असतं तर मी कन्सल्टंटला विचारून तोच मार्ग घेतला असता, इथे तर नुसत्या फळ्या उचलायच्या होत्या. म्हटलं साहेब, अजून ओतलं नाहीये, आत्ताच करून घेऊ. ते हो म्हणाले.

दिवसांवर मात्र अडले. २ चे ५ करा म्हणाले. मी म्हटलं मला ३ दिवस दाखवा कुठल्या कामाचे ते, देते. त्यांनी दाखवले नाहीत, दुसऱ्या दिवशी लेबरचा क्लेम सोडून सुधारित प्रोग्रॅम पाठवला, १० सुतारांचा, काँक्रीट २७ लाच. क्लायंटने फक्त एवढंच विचारलं की पुढच्या मजल्यांना हेच होणार का, तर त्या सगळ्या मजल्यांचं जिन्याचं ड्रॉइंग कन्सल्टंटकडून दोन्ही लेव्हल टाकून त्याच आठवड्यात बदलून घेतलं. २६ ला चेकिंगला गेले तेव्हा पहिल्या पायरीला टेप लावला, १७०, आणि सगळ्यात वरची १३०. ‘काँक्रीटला हरकत नाही’ म्हणून रजिस्टरमध्ये सही केली.