पहिल्या घंटीच्या आधी

जळगाव जिल्ह्यात लँडलाइन आणि ऑफिसातली टेलिफोन यंत्रणा दुरुस्त करणं हे माझं काम. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचा फोन आला, "भाऊ, फायबर घेतलं तसा फोनवर नंबर येनाच बंद झाला. काबर?" घंटी वाजायची, बोलणं स्वच्छ व्हायचं, पण स्क्रीन कोरी. ट्रकवाल्याचा कॉल चुकला की परत लावायचा कुणाला, ही त्यांची खरी अडचण होती.

फोन जुना, सेलवर चालणारा. आधी सेल बदलले, फरक नाही. मग तोच फोन शेजारच्या दुकानातल्या तांब्याच्या लाइनला लावून माझ्या मोबाइलवरून कॉल केला. नंबर लगेच उमटला. म्हणजे फोन चांगला, आणि आपला नंबर लपवणाराही कुणी नाही.

परत येऊन फायबरच्या डब्यातून निघणाऱ्या वायरीवर टेस्ट फोन लावला, लाइन न उचलता नुसतं ऐकायला. कॉल केला. पहिल्या घंटीआधी शांतता. पहिली घंटी संपल्यावर, दुसरीच्या आधी, क्षणभर 'चर्र' असा आवाज. इथेच उत्तर मिळालं.

लँडलाइनच्या फोनला नंबर त्याच दोन तारांवरून, आवाजातच पाठवावा लागतो, आणि त्याच्या दोन रीती आहेत. एकीत पहिल्या घंटीआधी बटणांसारखे पीप-पीप सूर येतात, प्रत्येक आकड्याला एक, ती डीटीएमएफ. दुसरीत दोन सुरांची झपाट्याने अदलाबदल करून सेकंदाला १२०० बिट पाठवतात, तेच ते 'चर्र', ती एफएसके. अमेरिकेत एफएसके रुळली, स्वीडन-डेन्मार्कमध्ये डीटीएमएफ. आपल्याकडे दोन्ही भेटतात. शेजारची लाइन सूर पाठवत होती, नवा डबा 'चर्र', आणि जुन्या फोनला फक्त सूर कळत होते. मोबाइलला हा त्रास नाही, कारण तिथे नंबर आवाजातून नव्हे, वेगळ्या डिजिटल संदेशातून येतो.

फोन बदलला असता तर प्रश्न मिटला असता, पण चांगला फोन टाकून द्यायला लावणं मला पटत नाही. डब्याची सेटिंग कंपनीच्या ताब्यात, म्हणून त्यांच्या माणसाला फोन लावून नेमकं सांगितलं, "फोन पोर्टचा कॉलर आयडी एफएसकेवरून डीटीएमएफ करा." "नंबर दिसत नाही" एवढंच सांगितलं असतं तर त्याने डबा बंद करून चालू करायला लावला असता. बदल झाल्यावर पुन्हा ऐकलं. घंटीआधी सूर आले, स्क्रीनवर माझा नंबर.

तेवढ्यात त्यांच्या दुबईच्या भाच्याचा कॉल आला, आणि स्क्रीन पुन्हा कोरी. मी त्यांना समजावलं की परदेशचा कॉल मधल्या कंपन्यांतून येतो, तिथे कुणी नंबर गाळला तर आपल्या डब्यापर्यंत तो पोचतच नाही. त्याला इथली कोणतीच सेटिंग पुरी पडणार नाही. "भाच्याचा आवाज वयखतो मी," म्हणाले, "ट्रकवाल्यायचे दिसू लागले, बास."