दुसरा स्पेल आणि आईचा डबा

मी नागपूरच्या एका कॉलेजच्या टीममध्ये मध्यमगती गोलंदाज आहे. पहिल्या स्पेलमध्ये माझं बरं चालायचं. प्रश्न दुसऱ्या स्पेलचा होता. डावाच्या शेवटी कप्तान पुन्हा चेंडू हातात द्यायचा तेव्हा पाय जड झालेले असायचे, यॉर्कर टाकायला जावं तर फुलटॉस पडायचा आणि पोटरीत गोळा यायचा तो वेगळाच. आमच्याकडे ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको.

यावर टीममध्ये सगळ्यांचा एकच उपाय होता, एनर्जी ड्रिंक. टॉसच्या आधी एक कॅन, ड्रिंक्स ब्रेकला दुसरा. सकाळी घरून काही न खाता निघायचं आणि ग्राउंडजवळच्या टपरीवर तर्री पोहे, वर एखादा आलुबोंडा किंवा सांबारवडी. तर्रीचं तेल पोह्यांवर तरंगत असतं, मजा तीच आहे. पण नऊला मॅच आणि साडेआठला ते पोटात, मग रनअपमध्ये तिखट ढेकर यायचे.

माझी मामेबहीण आहारशास्त्र शिकते. तिला वाटलं होतं मी काय खाऊ विचारीन. तिनं उलट मलाच काम लावलं. म्हणाली, "आधी वजन कर. बॉलिंगला उतरायच्या आधी आणि डाव संपल्यावर, घामाचे कपडे काढून. मधे किती प्यायलास ते लिहून ठेव. मग बोलू."

मी बाथरूमचा वजनकाटा बॅगेत घालून नेला. टीमनं जी टर उडवली ती इथे लिहिण्यासारखी नाही. डावाआधी ६८ किलो, डावानंतर ६६.२. मधल्या काळात दोन कॅन, म्हणजे अर्धा लिटर, आणि साधारण अर्धा लिटर पाणी पोटात गेलं होतं. ताईनं गणित मांडलं: वजन घटलं १.८ किलो, वर एक लिटर प्यायलेलं, म्हणजे घाम गेला जवळपास २.८ लिटर. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी कमी झालं की दम आणि लक्ष दोन्ही घसरायला लागतात. माझं अडीच टक्क्यांच्या वर गेलं होतं.

"तुझ्या कॅनमध्ये पाणी किती? पाव लिटर. तुझा घाम किती? आता तूच सांग," ती म्हणाली.

मग तिनं कॅनवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. अडीचशे मिलिलिटरला सुमारे ७५ मिलिग्रॅम कॅफीन आणि साखर २७ ग्रॅम. म्हणजे द्रावणात जवळजवळ अकरा टक्के साखर. इतकं गोड पाणी जठरातून हळू पुढे सरकतं, म्हणून पोट डचमळतं आणि तहान मात्र भागत नाही. खेळताना प्यायचं पेय सहा ते आठ टक्क्यांच्या आतबाहेर असलेलं बरं. कॅफीनला तिनं शिव्या घातल्या नाहीत, हे मला आवडलं. कॅफीननं तरतरी येते हे खरंच आहे. पण शरीरातून त्याचा निम्मा भाग जायला साधारण पाच तास लागतात. मी संध्याकाळी पाचच्या नेट्सआधीही कॅन रिकामा करायचो आणि मग रात्री एकपर्यंत छताकडे बघत पडायचो. दुसऱ्या दिवशी थकवा, थकव्यावर पुन्हा कॅन.

सोडणं मात्र एका झटक्यात जमलं नाही. एकदम बंद केलं तेव्हा कपाळ असं ठणकायला लागलं की क्लासमध्ये बसवेना. ताई म्हणाली हे कॅफीन सुटल्याचं दुखणं आहे, टप्प्यानं कमी कर. मग आधी संध्याकाळचा कॅन गेला, नंतर ब्रेकचा, आणि शेवटी टॉसच्या आधीच्या कॅनच्या जागी घरचा चहा आला.

खरी मेहनत आईची झाली. मॅचच्या आदल्या रात्री वरण-भात, तूप, पोळी, एखादी साधी भाजी. सकाळी सहाला घरचेच पोहे, पण तेल बेतानं, सोबत केळं आणि ग्लासभर पाणी. मॅचला तीन तास असल्यानं पोट हलकं होऊन जातं. तळलेलं तेच सकाळी सहाला खाल्लं असतं तरी नऊपर्यंत जठरातच रेंगाळलं असतं, कारण स्निग्ध पदार्थ पोट रिकामं व्हायला उशीर लावतात.

एकदा आईनं हौसेनं सकाळीच मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी दिली. खाणं पौष्टिकच, पण तिसऱ्या ओव्हरमध्ये पोटात गुडगुड सुरू झाली आणि मला फाइन लेगवरून पॅव्हेलियनकडे पळावं लागलं. कप्तान तिकडून ओरडला, "काहून पळून राहिला बे?" चोथ्याचं जेवण मॅचनंतरचं, आधीचं नाही, हे तेव्हा कळलं. आता भाकरी, पिठलं आणि दोन उकडलेली अंडी हे संध्याकाळी घरी आल्यावर.

दोन डावांच्या मधल्या जेवणाला दहीभात. पण नागपूरच्या उन्हात दहीभात दुपारपर्यंत आंबून जातो. आईची युक्ती अशी: सकाळी गरम भात मऊ घोटायचा, थोडं मीठ टाकायचं, कोमट झाला की त्यात भरपूर दूध आणि फक्त चमचाभर दही कालवायचं. डब्यात दुपारपर्यंत तो आपोआप लागतो, आंबट होत नाही. पहिल्या दिवशी मित्र म्हणाले, "शाळेचा डबा आणला का बे?" पुढच्या मॅचला त्यातल्याच एकानं चमचा पुढे केला.

पाण्याचं सूत्र ओआरएसच्या घरगुती प्रमाणावरून घेतलं. तिथे एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असतं. मला मीठ फार खारट लागायचं. खेळासाठी पाव चमचा चालेल असं ताई म्हणाली, म्हणून तेवढंच टाकतो आणि एक लिंबू पिळतो. अशा दोन बाटल्या बाउंड्रीच्या दोरीजवळ ठेवायच्या आणि तहान लागायची वाट न बघता ओव्हरच्या मधे दोन-दोन घोट घ्यायचे.

पुढे तशाच उन्हाच्या एका मॅचला पुन्हा काटा नेला. आधी ६८, नंतर ६७.२, प्यायलो दोन लिटर. घाम तेवढाच, २.८ लिटर, पण तूट सव्वा टक्क्याच्या आत. दुसऱ्या स्पेलला पोटरी गप्प राहिली आणि यॉर्कर बुंध्यात पडत होते. वेग वाढला का? नाही. जो नऊ वाजता होता तोच साडेअकराला टिकला, एवढंच. विकेट मिळाली एकच, तीही लाँग-ऑनवरच्या झेलामुळे, त्यामुळे सगळं श्रेय दहीभाताला द्यायला मी तयार नाही.

तर्री पोहे सोडलेले नाहीत. रविवारी मॅच नसली की आम्ही सगळे जातो.

एक गोष्ट अजून बसलेली नाही. आधी बॅटिंग आली की माझा नंबर नववा, आणि तो कधी येईल याचा भरवसा नाही. पोटभर जेवावं तर लगेच पॅड बांधावे लागतात, थांबावं तर दोन तास उपाशी. सध्या खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवतो आणि विकेट पडली की एक तुकडा मोडतो.