त्याने दाखवलेली विहीर

कापसाचा एक व्यापारी रात्री पैसे घेऊन घरी निघाला आणि तिसऱ्या दिवशी पडक्या विहिरीत सापडला. विहीर दाखवली ती पकडलेल्या चौघा आरोपींपैकीच एकाने. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला आणि खटला चालवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा सरकारी वकील होतो.

त्याची साक्ष मी सकाळी अकराला सुरू केली. आधी दंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा जबाब झालेला होता. माफीची अट त्याला तेव्हाच समजावली होती: गुन्ह्याबद्दल जे माहीत आहे ते सगळं, स्वतःच्या सहभागासकट, खरं सांगायचं. काही लपवलं किंवा खोटं सांगितलं तर माफी जाते आणि मूळ गुन्ह्यासाठी वेगळा खटला उभा राहतो. आधीपासून जामिनावर नसल्यामुळे खटला संपेपर्यंत त्याला तुरुंगातच राहायचं होतं.

तो फार चांगलं बोलला. मोटारसायकल कुठं थांबवली, कुऱ्हाड कुठल्या गोणपाटात गुंडाळली होती, सगळं. "एक नंबरनं वार केला, दोन नंबरनं गाडीवर बसवून आणला, तीन नंबरनं पाय धरले." शवविच्छेदनातल्या जखमाही त्याच्या सांगण्याशी जुळत होत्या. दुपारच्या सुट्टीत तपास अधिकारी मला म्हणाले, "साहेब, विहीर त्यानं दाखवली, कुऱ्हाड त्यानं काढून दिली. आता आणखी काय पाहिजे?"

इथंच तपासात नेहमी गफलत होते. विहीर आणि कुऱ्हाड त्याने दाखवली यातून एवढंच सिद्ध होतं की तो स्वतः तिथं होता. ते तर तो कबूलच करतोय. त्याच्यासोबत कोण होतं, हे विहीर सांगत नाही. जो खरोखर गुन्ह्यात होता त्याला घटनेचा तपशील पाठ असतो, त्यामुळे पूर्ण खऱ्या गोष्टीत एक नाव बदलणं किंवा वाढवणं त्याला अगदी सोपं जातं. बाकी सगळं खरं असल्यामुळे ते खोटं नाव ओळखूही येत नाही. म्हणूनच पुष्टी नुसत्या घटनेची असून चालत नाही. ती स्वतंत्र ठिकाणाहून यावी लागते आणि प्रत्येक आरोपीसाठी वेगळी असावी लागते. तपशिलाचा प्रत्येक कण जुळावा, असं मात्र कोर्ट मागत नाही. तसं असतं तर माफीच्या साक्षीदाराची गरजच उरली नसती.

तीननंतर उलटतपासणी सुरू झाली. तीन नंबरचे वकील वयस्कर होते, आवाज कधी चढवत नसत.

"तुमच्या आणि आरोपी नंबर तीनच्या शेताला बांध एकच आहे ना?"

"आहे."

"त्या बांधावरून तहसीलदारांकडे केस होती?"

"होती. मिटली."

"कधी मिटली?"

साक्षीदाराने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. बोटांची नखं पांढरी पडली. बराच वेळ त्याने उत्तर दिलं नाही. शेवटी म्हणाला, "मिटली नाही अजून."

माझ्या पोटात खड्डा पडला. सकाळपर्यंत मी त्याचा शब्द न् शब्द खरा मानत होतो.

युक्तिवादाच्या दिवशी न्यायाधीशांनी मला एकच प्रश्न विचारला: "माफीचा साक्षीदार बाजूला ठेवा. आता प्रत्येकाविरुद्ध काय उरतं ते सांगा." एक नंबरच्या घरातून व्यापाऱ्याची अंगठी पंचांसमक्ष निघाली होती आणि व्यापाऱ्याच्या मुलाने ती ओळखली होती. दोन नंबरला त्याच रात्री व्यापाऱ्याला गाडीवर घेऊन जाताना स्टँडवरच्या चहावाल्याने पाहिलं होतं. तीन नंबरपाशी आलो आणि कागद चाळत राहिलो. पाय धरले, एवढं एक वाक्य, तेही त्याच साक्षीदाराचं. "काही नाही, साहेब," मी सांगितलं. ते सांगणं माझं कामच होतं.

तेव्हा १८७२ चा पुरावा कायदा लागू होता. त्याचं कलम १३३ म्हणे की साथीदाराच्या पुष्टी नसलेल्या साक्षीवरही शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम ११४ चं उदाहरण सांगे की महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी नसेल तर असा साक्षीदार विश्वासाला पात्र नाही, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. ही दोन्ही वाक्यं एकत्रच वाचायची, हे सर्वोच्च न्यायालयाने आपल्या परभणी जिल्ह्यातल्या मानवत खून खटल्यातच १९७७ साली स्पष्ट केलं. एक मुभा देतं, दुसरं ती वापरताना हात आवरायला लावतं. २०२३ च्या नव्या अधिनियमात तर त्या कलमात पुष्टी मिळालेली साक्ष असाच शब्द आला आहे.

निकालात पहिल्या दोघांना जन्मठेप झाली, तिसरा सुटला. त्याने खरंच पाय धरले होते का, हे मला आजही माहीत नाही. त्या संध्याकाळी तो बायकोसोबत कोर्टाच्या पायऱ्या उतरत होता. माफीचा साक्षीदार मात्र सुटकेच्या कागदांची वाट बघत पोलिसांसोबत व्हरांड्यात बसला होता. तिसरा समोरून जाताना त्याने मान खाली घातली.