पोलरिमीटरवरच्या −२.५८ अंशांतून ८७ टक्के कसे निघतात

रॅसेमिक १-फिनाइलएथिलअमाइन टार्टारिक आम्लाने वेगळं करायचा प्रयोग एम.एस्सी.च्या बऱ्याच प्रयोगशाळांत होतो. ५ ग्रॅम अमाइनला साधारण ६.२ ग्रॅम L-(+)-टार्टारिक आम्ल लागतं, म्हणजे मोलला मोल. आम्ल ९० मिलि मिथेनॉलमध्ये कोमट विरघळवायचं आणि अमाइन थेंब थेंब सोडायचं. घाई केली तर मिश्रण उसळून बाहेर येतं. रात्रभर हलवायचं नाही. कमी विरघळणारं (S)-(−)-अमाइनचं टार्ट्रेट खाली बसतं. स्फटिक जाड, पैलूदार हवेत. बारीक सुया दिसल्या तर मी गाळतच नाही, कारण सुयांत दुसरा एनॅन्शिओमर बराच अडकलेला असतो. अशा वेळी पुन्हा गरम करून विरघळवायचं, पैलूदार स्फटिकाचा एखादा कण बी म्हणून टाकायचा आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. गाळलेल्या क्षारावर सोडियम हायड्रॉक्साइड घालून अमाइन मोकळं करायचं, ईथरमध्ये ओढायचं, सोडियम सल्फेटवर सुकवायचं आणि ईथर उडवायचा.

इथपर्यंत बहुतेकांचं ठीक चालतं. खरी गडबड पुढच्या अर्ध्या तासात होते.

मी १.००० ग्रॅम अमाइन १० मिलिच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये तोलतो आणि ॲब्सोल्यूट इथेनॉलने खुणेपर्यंत भरतो. खुणेपर्यंत, हे महत्त्वाचं. एक ग्रॅम अमाइनवर पिपेटने १० मिलि इथेनॉल ओतलं तर द्रावण सुमारे ११ मिलि होतं, आणि उत्तर तिथेच नऊ-दहा टक्क्यांनी खाली येतं. सूत्रातलं आकारमान द्रावणाचं आहे, द्रावकाचं नाही. बाटली उघडी ठेवायची नाही. हे अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तोंडाशी पांढरा थर धरतं, आणि तो थर तोलात आला की वजन खोटं.

सोडियमचा दिवा लावून दहा मिनिटं थांबायचं. आधी १ डेसिमीटरच्या नळीत नुसतं इथेनॉल भरून शून्य वाचायचं, मग नळी द्रावणाने दोनदा खळबळून भरायची. बुडबुडा राहिला तर तो नळीच्या फुगीर भागात सरकवायचा, प्रकाशाच्या वाटेत नको. टोकाची झाकणं पिळून आवळू नयेत. काचेच्या चकतीवर ताण आला की ती चकतीच प्रकाशाचं ध्रुवण बिघडवते आणि शून्य हलतं. ब्लँक आणि नमुना दोन्हींना झाकण सारखंच आवळलेलं हवं.

आता आकडे घेऊ. ब्लँक +०.०४°, नमुना −२.५८°. प्रत्येक वाचन पाच वेळा, दोन्ही बाजूंनी सावली जुळवत, आणि सरासरी. वजाबाकी केली की α = −२.६२°.

```
[α] = α / (l × c)
l डेसिमीटरमध्ये, c ग्रॅम प्रति मिलि
```

l = १, c = ०.१०० धरलं तर स्पेसिफिक रोटेशन [α] = −२६.२°. काही पुस्तकांत c ग्रॅम प्रति १०० मिलि असतो, तेव्हा वर १०० ने गुणायचं असतं. दोन्ही पद्धती एकत्र करून −०.२६ किंवा −२६२० काढलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. उत्तर विकतच्या शुद्ध अमाइनच्या बाटलीवरच्या आकड्याच्या जवळपासही नसेल, तर आधी हेच तपासावं.

पुढे भागाकार, ee म्हणजे एका एनॅन्शिओमरचा दुसऱ्यावरचा जादा टक्का काढायला. शुद्ध (S)-अमाइनचं स्पेसिफिक रोटेशन, म्हणजे [α]max, इथेनॉलमध्ये, १०० मिलित १० ग्रॅमला, −३०° दिलेलं असतं. म्हणून

```
ee = 100 × [α] / [α]max
```

२६.२ भागिले ३०, म्हणजे ८७.३ टक्के. उरलेले १२.७ टक्के रॅसेमिक आहेत आणि त्यात निम्मं S, निम्मं R. म्हणून S एकूण ९३.६५ आणि R ६.३५ टक्के. "८७ टक्के S" म्हणणं ही सगळ्यात सामान्य चूक.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळी आहे. पाठ्यपुस्तकांत याच अमाइनला −४०.३° असा आकडाही सापडतो. तो शुद्ध द्रवाचा आहे, द्रावणाचा नाही. तो वापरून भागाकार केला की ८७ चे ६५ टक्के होतात, आणि माणूस उगाच क्षाराचं पुन्हा स्फटिकीकरण करत बसतो. संदर्भाचा आकडा त्याच द्रावकातला, त्याच तीव्रतेचा, त्याच तापमानाचा आणि ५८९ नॅनोमीटरचाच हवा. शुद्ध द्रव मोजायचा असेल तर c च्या जागी घनता येते, साधारण ०.९४ ग्रॅम प्रति मिलि. १ डेसिमीटरच्या नळीत शुद्ध अमाइन सुमारे ३८ अंश दाखवेल आणि घनतेने भागल्यावर ४०.३ होतील. हे दोन आकडे एकाच गोष्टीचे आहेत, फक्त एकात भागाकार झालेला नाही.

द्रावण पातळ ठेवलं तर काय होतं तेही पाहू. हाताच्या पोलरिमीटरवर वाचनात ०.०५° इकडेतिकडे होतंच. २.६२ वर ते दोन टक्के आहे, म्हणजे ee मध्ये पावणेदोनाचा फरक. तीव्रता दहापट कमी केली तर वाचन ०.२६ येतं आणि तीच चूक जवळजवळ वीस टक्के होते. अशा वेळी ८७.३ मधला दशांश लिहिणं ही स्वतःची फसवणूक. नमुना कमी असेल तर २ डेसिमीटरची अरुंद नळी घ्यावी.

राहिलेला ईथर फसवतो. १.००० ग्रॅममध्ये ०.०६ ग्रॅम ईथर असला, तर अमाइन प्रत्यक्षात ०.९४ ग्रॅम आहे. मग [α] = −२७.९° आणि ee ९३ टक्के. म्हणजे निष्क्रिय अशुद्धीमुळे ee कमी असल्याचा भास होतो. मी वजन स्थिर होईपर्यंत ईथर उडवतो आणि शंका असेल तर NMR मध्ये ईथरचे शिखर पाहतो. टार्टारिक आम्ल मात्र स्वतःच प्रकाश फिरवतं, म्हणून अल्कलीची धुलाई पुरी झाली पाहिजे.

आणखी एक मर्यादा. वरचं सूत्र रोटेशन आणि ee सरळ प्रमाणात आहेत असं गृहीत धरतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओरो यांनी १९६९ मध्ये २-एथिल-२-मेथिलसक्सिनिक आम्लात हे क्लोरोफॉर्ममध्ये मोडतं, हे दाखवलं. रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधाने जोडले जातात, आणि S-S व S-R जोड्यांचं वागणं सारखं नसतं. अहवालात कुणी ९९ टक्क्यांच्या वर दावा करत असेल, तर मी कायरल स्तंभावरचं HPLC मागतो.

गाळून उरलेलं द्रावणही फेकू नये. त्यातलं अमाइन काढून असंच मोजलं की + चिन्ह यायला हवं. स्फटिकांतून १.३ ग्रॅम अमाइन ८७.३ टक्के ee ने निघालं, तर S चा जादा भाग १.१३५ ग्रॅम. तितकाच R चा जादा भाग द्रावणात उरला पाहिजे: ३.७ ग्रॅमवर सुमारे ३०.७ टक्के, म्हणजे त्याच तीव्रतेला +०.९२°. वाचन यापासून लांब गेलं तर एका फ्लास्कचं आकारमान, वजन किंवा ब्लँक चुकलेला आहे. मात्र ४०.३ ची चूक या ताळ्याने सापडत नाही, कारण ती दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात खाली ओढते आणि हिशेब तंतोतंत जुळतो.